पाटपूजनाआधी टाकायचा संच

माझ्या भागीदाराने मला फसवलं. तो मुलुंडचा, मी घाटकोपरचा. त्याने माझं एकही डिझाइन चोरलं नाही, फक्त गणपतीचा माझा अख्खा संच उशिरा टाकला. बाहेरच्या माणसाला यात काही विशेष वाटणार नाही, म्हणून आधी धंदा सांगतो.

नाक्यानाक्यावर शुभेच्छांचे बॅनर लागतात, त्यांची कच्ची डिझाइनं मी बनवतो. नावांची आणि चेहऱ्यांची जागा मोकळी सोडायची. ती एका वेबसाइटवर टाकली की छपाईवाले पैसे देऊन डाउनलोड करतात, आपापल्या भागातल्या पुढाऱ्याचा फोटो बसवतात आणि फ्लेक्स छापतात. मी हे फ्लेक्सच्या दुकानात मशीन पुसता पुसता शिकलो. आजही त्याच दुकानात आहे, आणि दुखणं तेच आहे.

या कामात वेळ चुकली की संपलं. दहावी-बारावीच्या शुभेच्छांचे बॅनर फेब्रुवारीत लागतात, पण डिझाइन डिसेंबर संपताना साइटवर हवं. फार आधी टाकलं तर गिऱ्हाईक यायच्या आत ते 'नवीन'च्या यादीतून खाली सरकतं. उशिरा टाकलं तर आधीची डिझाइनं डाउनलोडच्या जोरावर पहिल्या पानावर बसलेली असतात आणि तुमच्यापर्यंत कोणी पोचत नाही. गणपतीचं तर आणखीच वेगळं. मुंबईत मंडळं आषाढात पाटपूजन, म्हणजे मूर्तीच्या पाटाची पूजा, करतात, मग मूर्तीच्या आगमनाचे बॅनर, चतुर्थी त्यानंतर. म्हणजे छपाईवाला डिझाइन शोधायला बसतो तो पाटपूजनाच्या सुमारास.

खातं भागीदाराचं होतं. मी काढायचं, त्याने खाली माझं नाव घालून टाकायचं. हिस्सा ठरवताना मी त्याला बराच खाली आणला, कारण डोकं आणि हात माझे होते. तोही हसत हसत कबूल झाला होता. त्या वर्षी गणपतीचा संच चालला तर दुकान सोडणार, असं मी घरी आणि दुकानाच्या शेठला, दोन्हीकडे सांगून बसलो होतो. जून लागताच संच त्याच्या हातात दिला.

"टाकलास का रे?" मी विचारायचो.

"टाकलाय. साइटच्या तपासणीत अडकलाय. सगळेच गणपती टाकतायत ना, वेळ लागतो."

तपासणीला वेळ लागतो हे खरं आहे. म्हणून मी गप्प बसलो.

ऑगस्ट उजाडल्यावर शेठच्या कामाने बोरिवलीला एका छपाईवाल्याकडे गेलो. ओळखीचा माणूस. स्क्रीनवर आगमनाचा बॅनर उघडा होता.

"भाऊ, यंदा तुमचं काही दिसलं नाही," तो म्हणाला. "मग आम्ही तुमच्या पार्टनरचंच घेतलं."

"पार्टनरचं म्हणजे माझंच ना?"

"नाही, त्याचं स्वतःचं. हे बघा."

डिझाइन पाहिलं. भडक रंग, अक्षरं दाटीवाटीने कोंबलेली. खाली भागीदाराचं नाव आणि टाकल्याची तारीख: जूनचा मधला आठवडा. पहिल्या पानावर त्याचीच रांग लागली होती. माझा संच शोधायला छपाईवाल्याला बरीच पानं उलटावी लागली. तो नुकताच, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात टाकलेला होता.

तिथून तसाच मुलुंडला गेलो. त्याने दार उघडलं, पाणी दिलं.

"माझा संच आत्ता का टाकलास?"

"अरे, मागच्या वर्षी गणपती सप्टेंबरात होते. मी त्याच हिशोबाने चाललो. यंदा ऑगस्टात येतायत हे लक्षातच आलं नाही यार."

"मग 'तपासणीत अडकलाय' काय सांगत होतास? आणि तुझ्या डिझाइनांच्या वेळी बरं लक्षात आलं?"

यावर त्याने उठून पंखा वाढवला. मग म्हणाला, "हिस्सा ठरवताना तू मला किती पिळलंस, ते आठवतंय का?"

"पिळलं ना. तोंडावर पिळलं. तू तेव्हाच नाही म्हणायचं होतंस."

मी ग्लास आपटला आणि निघालो. माझा आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला असणार, कारण जिन्यात दोन दारं किलकिली झाली होती.

चतुर्थी आली, गेली. नाक्यावरच्या बॅनरवर त्याची दाटीवाटीची अक्षरं होती. शेठने विचारलं, "काय, सोडतोयस ना?" मी मशीन चालू केलं.

आता मी स्वतःचं खातं उघडलंय. परीक्षांचा संच डिसेंबरात वेळेवर पडलाय आणि पहिल्या पानाकडे सरकतोय. पण त्यामुळे गेलेला गणपती परत येत नाही. भागीदार ओळखीच्या लोकांत अजून कॅलेंडर चुकल्याचं सांगत फिरतो. त्याने एकदा त्याच लोकांसमोर उभं राहून सांगावं: एकाच घरात, एकाच भिंतीवरच्या कॅलेंडरात, त्याचे गणपती ऑगस्टात आणि माझे सप्टेंबरात कसे आले? मला माफी नको. मला याचं उत्तर हवंय.