काढून फेकलेली कव्हरं

पेणच्या तहसील कचेरीबाहेर बसून मी कित्येक वर्षे लोकांचे अर्ज लिहीत आलो आहे. माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले. तथापि माझ्या अर्जातील एक ओळही कोणत्या साहेबाने कधी फिरवलेली नाही, हे नमूद करणे मला गैर वाटत नाही. रोह्याजवळच्या एका गावी दिलेली माझी धाकटी बहीण याच कारणाने प्रत्येक महत्त्वाच्या कामी मला बोलावून घेते. तिच्या घराच्या स्लॅबच्या वेळीही तिने बोलावले होते. त्या गोष्टीला आता तेरा वर्षे झाली.

त्या दिवशी सकाळी पोहोचलो तेव्हा स्लॅबच्या साच्यासाठी पत्र्यांचे सेंट्रिंग बांधून त्यावर सळयांची जाळी अंथरून झाली होती. खाली मिक्सर चालू होता आणि स्वयंपाकघराच्या बाजूला काँक्रीट पडू लागले होते. गावातलाच मिस्त्री जाळीखाली सिमेंटच्या लहान चौकोनी वड्या सरकवत होता. प्रत्येक वडीत तार रोवलेली असे. त्या तारेने तो ती सळईला बांधी आणि पुढे सरके. जाळी पत्र्यापासून बोटभर वर उचलली गेली होती.

"हे काय चालवलेत?" मी विचारले.

"कव्हर लावतोय, भाऊसाहेब. सळई पत्र्याला चिकटाय नको. खालून सिमेंटाचा माल शिरला पायजे."

नेमके त्याच आठवड्यात मी एका पुलाच्या तक्रारीसोबत जोडलेल्या तांत्रिक अहवालाची नक्कल उतरवली होती. मुख्य सळई तळाच्या बाजूस असावी, असे त्यात स्पष्ट लिहिलेले होते. माझ्या डोळ्यांसमोर तर हा मनुष्य सळई तळापासून उचलत होता. मला वाटले, विधवा बहिणीला एकटी समजून ही सरळसरळ फसवणूक चालली आहे.

"सळई तळाला हवी. हे सरकारी अहवालात आहे आणि मी ते स्वतःच्या हाताने लिहिले आहे," मी म्हणालो. "काढा ही सगळी."

"तळाला म्हंजे पत्र्यावर नाय हो! तळाच्या अंगाला, पण सिमेंटाच्या पोटात. पत्र्यावर टेकली तर उघडी राहील."

"तुम्ही अहवाल वाचला आहे काय?"

"वाचला नाय. पण स्लॅबखालचे पत्रे उघडलेत लय."

मजूर हसले. ते हसणे मला लागले. मी सांगितले की कव्हरे निघाल्याशिवाय पुढे काँक्रीट पडणार नाही, आणि बहिणीकडे पाहिले. ती म्हणाली, "दादा सांगतो तसंच करा." मिस्त्रीने तिच्याकडे क्षणभर पाहिले आणि वाकून तारा सोडायला सुरुवात केली. पुढच्या मोठ्या खोलीवरची कव्हरे काढून त्याने अंगणात फेकली. स्वयंपाकघरावरची तेवढी राहिली, कारण तिकडे काँक्रीट टाकायला आधीच सुरुवात झाली होती.

पुढे पत्रे उतरवले तेव्हा मोठ्या खोलीच्या छताला सळयांच्या काळ्या रेघा स्पष्ट उमटल्या होत्या. काही ठिकाणी सळईच उघडी दिसत होती. मिस्त्री मान वर करून म्हणाला, "बघा." मला मात्र त्यात दोष दिसला नाही. इतकी सळई घातली आहे याचा तो डोळ्यांना दिसणारा पुरावाच, असे मी बहिणीला सांगितले. वरून गिलावा झाला, रंग झाला आणि मी तो विषय विसरलो.

यंदा भाद्रपदात बहिणीचा फोन आला.  मोठ्या खोलीत बसून ती तांदूळ निवडत होती. चुलीवरचे दूध पाहायला उठली, आणि मागे धाडकन आवाज झाला. ज्या पाटावर ती बसली होती तो दुभंगला होता आणि सुपातल्या तांदळात काँक्रीटचे ढलपे पडले होते.

मी लगेच पेणहून निघालो. घरात शिरून वर पाहिले. छताचे परातीएवढे कवच निखळले होते. आत सळया होत्या, पण त्यांना सळया म्हणणे कठीण होते. पापुद्रे सुटून त्या फुगल्या होत्या. मी बोट लावले तर तांबडा चुरा हातात आला. त्या पाटाकडे मला पाहवत नव्हते.

माझ्या मनात एकच आले, ते म्हणजे भेसळ. मिस्त्रीने सिमेंट खाल्ले. त्याच सुमारास गावच्या नव्या अंगणवाडीचे काम त्याला मिळाले होते. मी तिथेच कागद काढला आणि "सदर इसमाच्या निकृष्ट व अप्रामाणिक कामामुळे एका निराधार स्त्रीचे प्राण धोक्यात आले" अशा शब्दांत दोन पाने लिहिली. तालुक्याच्या कचेरीत अर्ज देऊन पोच घेतली. चौथ्या दिवशी अंगणवाडीचे काम थांबवण्यात आले.

पाचव्या दिवशी मिस्त्री दारात उभा राहिला. केस पिकले होते. हातात हातोडी आणि छिन्नी होती.

"ताई, आत येऊ?"

"या," बहीण म्हणाली. मी बसूनच राहिलो.

त्याने माझ्याशी वाद घातला नाही. मोठ्या खोलीत टेबलावर चढून तो छतावर हातोडीने ठोकत गेला. जिथे तिथे पोकळ, बद्द आवाज आला. मग स्वयंपाकघरात ठोकले. तिथे आवाज टणटणीत होता.

"सिमेंट एकच, मिक्सर एकच, दिवस एकच," तो म्हणाला. "आता बघा."

स्वयंपाकघराच्या छतात त्याने छिन्नीने लहानशी खाच पाडली. बराच वेळ ठोकावे लागले. बोटभर आत गेल्यावर सळई लागली, करडी, कोरडी, गंजाचा ठिपकाही नसलेली. तिच्या खाली चिकटलेली चौकोनी वडी दिसत होती.

"सिमेंटाच्या पोटात असली की सळई गंजत नाय," तो बहिणीला सांगू लागला. "उघडी राहिली की गिलाव्यातनं ओल शिरते, हवा शिरते. गंजली की फुगते. फुगली की खालचं ढकलून पाडते. पत्र्यावर टेकलेल्या सळईखाली माल जायाला जागाच नव्हती, ताई."

"पण मग कव्हरं तुम्ही का काढलीत?" बहिणीने विचारले आणि प्रश्न तोंडातच अडकल्यासारखी थांबली. ती माझ्याकडे वळली. तेरा वर्षांपूर्वीची ती सकाळ तिलाही आठवली असावी.

 लोकांच्या चुका मी इतकी वर्षे कागदावर मांडत आलो. स्वतःची चूक अशी डोक्यावर लटकलेली पाहीन आणि तिच्याखाली माझी बहीण तांदूळ निवडत बसलेली असेल, हे माझ्या कल्पनेतही नव्हते.

"मी मेले असते, तरी तू अर्ज ह्यांच्यावरच लिहिला असतास, दादा," ती हळू म्हणाली.

मिस्त्री म्हणाला, "असूदे ताई. आधी टेकू लावू. खोलीत कोणी झोपू नका."

त्या दुपारी खोलीत टेकू लागले. सैल झालेले सगळे पाडून, सळया घासून, खराब झालेल्या ठिकाणी नवी सळई जोडून काम करावे लागेल, आणि त्याआधी इंजिनियरला दाखवावे लागेल, असे तो म्हणाला. मी कागद घेऊन ओसरीवर बसलो. पहिली ओळ चार वेळा खोडली. शेवटी लिहिले की कव्हर काढण्याचा हुकूम मिस्त्रीचा नव्हता, तो मी दिला होता. त्याने विरोध केला होता. माझा आधीचा अर्ज खोटा आहे. मिस्त्रीला वाचून दाखवले.

"विरोध केला म्हंजे काय, शिव्या दिल्या होत्या मनातल्या मनात," तो म्हणाला. "ते नका लिहू."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे तालुक्याला गेलो. कारकुनाने कागद वाचला, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "हे तुम्ही कुणासाठी लिहिलंय?"

"माझ्यासाठी," मी म्हणालो आणि खाली सही केली.