डुकराच्या वर्षातली मुलगी

आमच्या गल्लीत सू बीयुनला कोणी भाषांतरकार म्हणत नाही. "ती फिलिपिन्सवाली" म्हणतात. ती आयुष्यात फिलिपिन्सला गेलेली नाही. पण क्वानझौच्या निम्म्या घरांचं कोणी ना कोणी तिकडे आहे, तिकडच्या नातवंडांना आपली चिनी अक्षरं वाचता येत नाहीत, आणि इकडच्या म्हाताऱ्यांना इंग्रजी येत नाही. मधे बीयुन. वाढदिवस, लग्न, बारसं, मयत, सगळं तिच्या टेबलावरून जातं. माझं शेवयांच्या पेजेचं दुकान तिच्या भिंतीला भिंत लावून. त्यामुळे तिची सगळी गिऱ्हाइकं आधी माझ्याकडे बसून पेज ओरपतात, मग रडायला तिच्याकडे जातात.

बाई कामाला वाघ, पण हेकट. तिचा एक नियम: गिऱ्हाईक बोललं तेच लिहायचं, एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. तरुणपणी कोणाच्या तरी पत्रातला राग तिने जरा सौम्य केला होता म्हणे, आणि दोन भावांत त्यावरून आणखी जुंपली. तेव्हापासून हे व्रत. मी कितीदा म्हटलं, अगं, जरा डोकं वापर. तर म्हणायची, डोकं त्यांचं, हात माझे.

यंदा आमच्या चांद्र नववर्षाच्या दहा दिवस आधी मला नात झाली. बाराव्या महिन्यात, वाघाचं वर्ष सरता सरता. आमच्याकडे दर वर्षाला एक प्राणी असतो. माझ्या सुनेला पुढच्या वर्षाचा ससा हवा होता. मुलगी वाघीण म्हणजे पुढे लग्नाला त्रास, असं तिच्या आईचं म्हणणं. मी म्हटलं, आपल्या घरात मी आहे, अजून एक वाघीण खपून जाईल. महिना भरला तेव्हा लाल अंडी आणि तळलेला चिकट भात गल्लीभर वाटला, आणि तिकडे फिलिपिन्सात, सेबूला, माझ्या थोरल्या बहिणीकडे कळवायचं म्हणून बीयुनकडे गेले. सांगितलं तसं लिही: आमची वाघीण दोन वर्षांची झाली, बाळसं धरलंय, आशीर्वाद द्या. बीयुनने लिहिलं. आमच्याकडे जन्मताच मूल एक वर्षाचं, आणि नववर्ष आलं की घरातल्या सगळ्यांच्या वयात एकेकाची भर. दहा दिवसांचं पोर दोन वर्षांचं होतं, यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

त्याच सुमारास हुंगभाऊंचं प्रकरण चाललं होतं. हुंग थ्येनलाई म्हणजे बंदराकडचे, जन्मभर होडीवर काम केलेले, आता गुडघे गेलेले. तोंडाने फटकळ, मनाने लोणी. त्यांची धाकटी बहीण दुष्काळाच्या सालात दुसऱ्या घरी देऊन टाकली होती. घरात रताळ्याच्या पाल्याशिवाय काही नव्हतं, आणि एका बाईला मूल हवं होतं. ती बाई पुढे हाँगकाँगमार्गे मनिलाला गेली, एवढंच माहीत. आई मरताना भाऊंचा हात धरून म्हणाली होती, तिला शोध. तेव्हापासून हा माणूस शोधतोय. बीयुन ज्या मंडळासाठी फुकट भाषांतरं करते, त्या ताटातूट झालेल्यांच्या मंडळाकडे त्यांनी माहिती दिली होती: डुकराच्या वर्षाची मुलगी, दोन वर्षांची असताना दिली. जन्मदिवस मात्र त्यांनी मुद्दाम दिला नव्हता. आधी दोनदा फसले होते. एकदा तर एका बाईने जाहिरातीतली तारीख वाचून तीच आपली म्हणून सांगितली, आणि भाऊ तिच्यासाठी खोली रंगवून बसले होते. रक्ताच्या चाचणीत काही जुळलं नाही. त्यानंतर त्यांनी शपथ घेतली, दिवस कोणाला सांगायचा नाही, आणि खात्री पटल्याशिवाय चाचणीलाही जायचं नाही.

फेब्रुवारीत मनिलाहून एक माहितीपत्र आलं. फेलिसा नावाची बाई. दत्तक आई लहानपणीच वारली, मग ननांच्या शाळेत वाढली, आपली बोली विसरली. मुलगा रेनातोने लिहिलं होतं: आईचा जन्म अठरा जानेवारी १९६०, उंदराचं वर्ष. बीयुनने जसंच्या तसं भाषांतर केलं आणि भाऊंना माझ्याच दुकानात वाचून दाखवलं. भाऊंनी "उंदीर" ऐकलं आणि वाटी बाजूला सारली.

"आमची डुकराची," ते म्हणाले. "आईला स्वतःच्या पोरीचं वर्ष कळत नव्हतं का? पुरे झालं आता. यानंतर मला बोलवू नका."

तिकडूनही तीच तऱ्हा. बीयुनने भाऊंची माहिती इंग्रजीत पाठवली होती, त्यावर रेनातोचं उत्तर आलं. माझी आई त्या घरी गेली तेव्हा महिन्याचीही नव्हती, नाळ नुकतीच गळली होती, तिच्या दत्तक आईने तिला स्वतः सांगितलं होतं. तुमची मुलगी दोन वर्षांची होती. क्षमा करा, ती दुसरी कोणीतरी असणार. झालं. दोन्हीकडून दार बंद. भाऊंनी माझ्याकडे येणंही सोडलं. एवढ्या वर्षांच्या शोधानंतर माणूस हात टेकतो तेव्हा कसा दिसतो, ते मी बंदरावर एकदा पाहिलं. जाळ्यांच्या ढिगाऱ्यावर बसले होते आणि जाळ्यांना हातही लावत नव्हते. मला फार वाईट वाटलं.

मार्चमध्ये सेबूहून कोणीतरी येणार होतं, त्याच्या हातून माझ्या बहिणीच्या सुनेने नातीसाठी भेट धाडली. उघडून बघते तर फुलाफुलांचा झगा, आणि चालायला लागलेल्या पोरीचे बूट. माझी नात तेव्हा मान धरायला शिकत होती. झगा तिच्यावर पांघरला तर पोर दिसेनाशी झाली. मी हसत हसत झगा घेऊन शेजारी गेले आणि बीयुनला म्हटलं, बघ तुझे हात. दोन वर्षांची लिहिलंस ना, आता दोन वर्षं थांब झग्यासाठी.

बीयुन हसली. मग हसायची थांबली. झगा माझ्या हातातून घेऊन तिने टेबलावर पसरला आणि बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, बाईला वाईट वाटलं, तर मी म्हटलं, अगं, गंमत केली. तिने ऐकलंच नाही. तिने कपाटातून जुनं पंचांग काढलं, ज्यात चांद्र आणि इंग्रजी तारखा शेजारी शेजारी असतात, आणि बोट फिरवत १९६० वर आली.

"त्या वर्षी नववर्ष अठ्ठावीस जानेवारीला होतं," ती म्हणाली. "उंदीर त्या दिवशी लागला. अठरा तारखेला अजून डुक्करच चालू होतं."

मला एकदम समजलं नाही. मग समजलं. रेनातोने इंग्रजी साल बघून प्राणी ठरवला होता, जसं तिकडच्या चिनी हॉटेलांत ताटाखालच्या कागदावर सालासमोर छापलेलं असतं. मुलगी डुकराची. जन्मल्यावर दहा दिवसांत नववर्ष, म्हणजे आमच्या हिशेबात दोन वर्षांची. त्यांच्या हिशेबात महिन्याच्या आतली. भाऊ खरं बोलत होते, रेनातोही खरं बोलत होता, आणि बीयुनने दोघांचं खरं शब्दाला शब्द लावून पोचवलं होतं.

"एक शब्द बदलला नाही मी," बीयुन म्हणाली, आणि मी या बाईला पहिल्यांदा रडताना पाहिलं.

आम्ही दोघी तशाच उठून भाऊंकडे गेलो. दारातच त्यांनी पाठ फिरवली. बीयुन उंबऱ्याबाहेर उभी राहूनच बोलली. चूक माझी आहे, वय मी उलगडून लिहायला हवं होतं, प्राणी तपासायला हवा होता. भाऊ म्हणाले, बाई, तुम्ही मला बरं वाटावं म्हणून बोलताय. चाचणी मी करणार नाही, मला ते पुन्हा झेपणार नाही. त्यांचा आवाज इतका थकलेला होता की मी बीयुनची बाही ओढली, चल म्हणून.

ती हलली नाही. "तिची इंग्रजी तारीख मी आपल्या पंचांगावर लावून पाहिली," ती म्हणाली. "बारावा महिना, विसावा दिवस. तुमच्या बहिणीचा दिवस कोणता ते मला माहीत नाही. तुम्ही कधी सांगितला नाहीत. एवढंच ऐका आणि मग दार लावा."

भाऊंनी दार लावलं नाही. ते हळूहळू खाली बसले, उंबऱ्यावरच, दुखऱ्या गुडघ्यांसकट. दर वर्षी त्याच दिवशी आई तिच्या नावाची एक वाटी शेवया जास्त करायची, ते म्हणाले, आणि ती वाटी कोणी खायची नाही. नंतर त्यांनी विचारलं, चाचणीला उपाशी जावं लागतं का. मी म्हटलं, नाही हो, आधी माझ्याकडे खाऊन जा.

चाचणीचा निकाल येईपर्यंत आमचा सगळ्यांचा जीव टांगणीला. मे महिन्यात आला. सख्खी भावंडं. बीयुनने तो कागद मोठ्याने वाचला आणि भाऊ तिला म्हणाले, पुन्हा वाचा, नीट वाचा, एक शब्द गाळू नका. तिने पुन्हा वाचला.

मग फोन लागला, चित्र दिसणारा, माझ्या दुकानात, कारण भाऊंच्या घरी नेट धड चालत नाही. मी दुकान बंद ठेवलं. पडद्यावर फेलिसा आली, पांढऱ्या केसांची, आणि तिचा जबडा थेट भाऊंचा. दोघं नुसते बघत बसले. बीयुन मधे, पाठीचा कणा ताठ करून. शेवटी फेलिसाने विचारलं, आणि बीयुनने सांगितलं: आईला मला द्यायचं होतं का?

भाऊंनी सांगितलं. ती बाई जन्मानंतर लगेच न्यायला आली होती, सोबत तांदूळ घेऊन. घरात कोणी जेवलेलं नव्हतं. तरी आईने तिला परत पाठवलं. म्हणाली, नववर्षानंतर या. माझ्या पोरीला माझ्या घरात दोन वर्षांची होऊ दे.

बीयुनने तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, आता ती उलगडून सांगणार, आमच्याकडे वय कसं मोजतात, दहा दिवस म्हणजे काय. त्या झग्यापासून ती प्रत्येक पत्रात तसंच करत होती, चांद्र तारीख, इंग्रजी तारीख, दोन्ही वयं. पण भाऊ जेवढं बोलले तेवढंच तिने सांगितलं. रेनातो आईच्या मागे उभा होता, त्याला बीयुनने आधीच पत्रात सगळं समजावलं होतं. तो दिवसांचा हिशेब सांगायला पुढे झाला. फेलिसाने हात वर करून त्याला थांबवलं.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "मग मी माझ्या आईजवळ दोन वर्षं होते."

बीयुनने हे भाऊंना सांगितलं. भाऊ म्हणाले, होतीस.