अडवून ठेवलेली लायब्ररी

बडोद्यातल्या एका अभियांत्रिकी कॉलेजात मी संगणक प्रयोगशाळा सांभाळते. गेल्या वर्षी प्रात्यक्षिक परीक्षेच्या दोन दिवस आधी डेटाबेस शिकवणाऱ्या सरांनी सांगितलं, सगळ्या मशीनवर libpq-dev हे डेटाबेसशी जोडणी करणारं पॅकेज टाकून ठेवा. पाच मिनिटांचं काम. मी कमांड दिली आणि लाल अक्षरांत नकार आला: या पॅकेजला libpq5 ही लायब्ररी नेमक्या त्याच आवृत्तीची हवी, पण मशीनवर जुनीच राहणार आहे. शेवटी 'अडवलेली, मोडकी पॅकेजेस' असा शेरा. चाळीसही मशीनवर तेच.

विभागप्रमुखांनी उभ्याउभ्याच निकाल दिला की बाईंनी अपडेट्स वेळेवर केले नाहीत. मी दर महिन्याला अपडेट करते आणि वहीत लिहून ठेवते. वही मी पुढे केली. त्यांनी ती उघडलीही नाही. सगळी मशीन फॉर्मॅट करा, म्हणाले.

तो शेरा दर वेळी खराच असतो असं नाही. काहीच अडवलेलं नसतानाही येतो. म्हणून आधी अडवलेल्या पॅकेजांची यादी दाखवणारी apt-mark showhold ही कमांड देऊन पाहिली. एकच ओळ आली: libpq5. म्हणजे कुणीतरी तिला मुद्दाम थांबवलं होतं, आणि माझं दरमहाचं अपडेट तिला गुपचूप वगळून पुढे जात होतं. रूटच्या, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याच्या, जुन्या कमांडच्या यादीत अडवण्याचा, hold चा हुकूम सापडला. हजेरीचं सॉफ्टवेअर बसवायला आलेल्या कंपनीच्या माणसाने तो दिला होता.

मी त्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "बेन, ए तो अमे बधे ज करीए छीए." अपडेटने त्यांचं सॉफ्टवेअर बिघडू नये म्हणून सगळीकडे असंच करतात म्हणे.

"मशीन आमची, कुलूप तुमचं, आणि सांगायचं कुणी?" मी विचारलं.

सुरक्षेच्या दुरुस्त्या महिनोन्महिने अडकल्या होत्या आणि बोलणी मी खात होते.

मी एका मशीनवर unhold देऊन ते कुलूप काढलं. मग -s लावून इन्स्टॉलची नुसती तालीम घेतली: एक पॅकेज नव्या आवृत्तीवर जाणार, एक नवं येणार, काढलं काहीच जाणार नाही. मग खरोखर चालवलं. मशीन पुन्हा सुरू करून स्वतःची हजेरी लावली. नोंद झाली. ज्या भीतीने कंपनीने हे सगळं केलं होतं, तसं काहीही घडलं नाही. दुपारपर्यंत चाळीसही मशीन झाली.

"एवढंसंच होतं होय?" विभागप्रमुख म्हणाले. कारण लेखी कळवते म्हटल्यावर ते म्हणाले, कशाला वाढवता, झालं ना काम.

मी तरीही पत्र लिहिलं: कमांड, मशीनवरचा पुरावा, आणि पुढे बाहेरच्या कुणालाही रूटचा पासवर्ड द्यायचा नाही, ही अट. एक प्रत कंपनीला पाठवली, एक प्राचार्यांना. प्राचार्यांनी ती अट मान्य करून सही केली.