मस्टरवर ठेवायची चिठ्ठी

सकाळचे सात वाजून बावीस मिनिटं झाली होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडा होता आणि हजेरीताई एकच मेसेज चौथ्यांदा वाचत होत्या. मेसेज सात चाळीसला आपोआप जाणार होता. त्यात बदल करायला अठरा मिनिटं उरली होती.

समोर नवरा चहा पीत होता. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवतो, त्यामुळे बारीक नजरेचा मान घरात त्याचाच.

"परीक्षेला बसल्यासारखी काय बसलीयस?" त्याने विचारलं.

"परीक्षाच आहे. पंचेचाळीस आले तर पास."

हजेरीताई हे ऑफिसातलं टोपणनाव. वय एक्कावन्न. एकोणीस वर्षं त्या एका शाळेत क्लार्क होत्या. ती शाळा दुसऱ्या शाळेत विलीन झाली आणि तिथे क्लार्क आधीच होता. मग शाळांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत त्या लागल्या. प्रवेश, हजेरी, वेळापत्रक, निकाल, दाखले हे सगळं एका जागी ठेवणारं ते सॉफ्टवेअर मुख्याध्यापकांना दाखवण्यासाठी कंपनी दर महिन्याला वेबिनार घेते. त्याचं निमंत्रण आणि आठवणीचे मेसेज लिहिणं हे ताईंचं काम. आठवडाभर आधी निमंत्रणाची पोस्ट, त्यात नोंदणीची लिंक. नोंदणी केली की वेबिनारची लिंक. मग आदल्या दिवशी एक आठवण, एक तास आधी दुसरी आणि दहा मिनिटं आधी तिसरी.

काम त्यांना मनापासून आवडत होतं. अडचण अशी होती की लोक नोंदणी करत आणि येत नसत. मागच्या खेपेला नोंदणी एकशे अठरा, हजर सत्तावीस. त्याआधी एकतीस. विक्री विभागाचे साहेब तरुण आहेत आणि आकड्यांबद्दल भावनाविवश होत नाहीत. त्यांनी सांगून टाकलं होतं, "ताई, या वेळी पंचेचाळीसच्या खाली गेलं तर वेबिनार बंद. तुम्ही फोनवर बसा, शाळांना कॉल करा." दिवसाला साठ अनोळखी लोकांना फोन करणं ताईंना जमलं नसतं असं नाही. नको होतं.

त्यांनी आधी पोस्ट बदलून पाहिली. 'शैक्षणिक व्यवस्थापनाचं डिजिटल नवपर्व' हे साहेबांचं लाडकं शीर्षक काढून 'दाखला मागितल्यापासून हातात पडेपर्यंत किती मिनिटं?' असं केलं. वेळ सकाळी अकराची दुपारी सव्वातीन केली, म्हणजे शाळा सुटलेली असते. नोंदणी एकशे चोवीसवर गेली. पण नोंदणी पूर्वीही भरपूर होती. गळती पुढे होती, आणि ती कुठे होते ते त्यांना दिसत नव्हतं.

ते दिसलं गेल्या गुरुवारी. मागच्या खेपेला न आलेल्या लोकांपैकी पाच जणांना त्यांनी फोन लावला. चौघांनी उचलला नाही. पाचव्या नंबरवर एक बाई बोलल्या.

"नमस्कार, मुख्याध्यापिकांशी बोलायचं होतं."

"त्या वर्गावर आहेत. मी ऑफिसमधून बोलतेय, क्लार्क."

"हा नंबर मॅडमचा नाही का? फॉर्मवर त्यांच्या नावापुढे आहे."

"फॉर्म मीच भरला ना. मॅडम म्हणाल्या, हे चांगलं दिसतंय, नाव घाला. मॅडमचा नंबर कोण देतं असा? उद्या सगळं गाव त्यांना फोन करेल. आम्ही ऑफिसचाच टाकतो."

"मग आमचे आठवणीचे मेसेज?"

"आले की. 'आदरणीय मुख्याध्यापक, आपण तयार आहात ना?' मी म्हटलं, मी कुठली मुख्याध्यापक. मला काही कोणी विचारलं नव्हतं."

ताईंनी फोन ठेवला. एकोणीस वर्षांत मुख्याध्यापकांच्या नावाने आलेला प्रत्येक फॉर्म त्यांनी स्वतः भरला होता आणि प्रत्येकावर ऑफिसचा नंबर टाकला होता. जगात ही गोष्ट ज्यांना माहीत असायला हवी होती अशांत त्यांचा नंबर बराच वरचा होता. आणि वर्षभर ताई मुख्याध्यापकांना उद्देशून क्लार्क लोकांना मेसेज पाठवत होत्या.

साहेबांना उपाय लगेच सुचला. "फॉर्ममध्ये रकाना वाढवू. मुख्याध्यापकांचा वैयक्तिक मोबाइल, सक्तीचा."

"मग फॉर्मच भरला जाणार नाही, सर."

"का?"

"भरणारी क्लार्कच आहे."

त्याऐवजी ताईंनी आठवणीचा मेसेज नव्याने लिहिला. मुख्याध्यापकांच्या वेबिनारची आठवण क्लार्कला करायची म्हटल्यावर साहेबांच्या कपाळावर आठी आली. "निमंत्रण त्यांना आणि आर्जव यांना? बरं दिसतं का ते?"

"आर्जव नाही, सर. काम सांगतेय. काम सांगितलं की क्लार्क करते. 'तयार आहात ना' विचारलं तर काय करणार बिचारी?"

त्या दिवसाची आठवणही एक तास आधीवरून सकाळी सात चाळीसला आणली. साडेसातला शाळेचं ऑफिस उघडतं, आणि पावणेआठच्या सुमाराला क्लार्क शिक्षकांच्या सह्यांचं मस्टर मुख्याध्यापकांच्या टेबलावर नेऊन ठेवते. दिवसभरात दुसरा कुठलाही कागद इतक्या खात्रीने त्या टेबलावर पोहोचत नाही.

तर सात बावीसला त्या वाचत असलेला मेसेज असा होता: 'कार्यालयातील सहकारी, नमस्कार. ही नोंदणी बहुधा आपणच केली आहे. कृपया पुढची ओळ चिठ्ठीवर लिहून मस्टरवर ठेवा: आज दुपारी ३:१५, दाखल्यांचं वेबिनार, चाळीस मिनिटं. ३:१० ला ऑफिसच्या संगणकावर खालची लिंक उघडून आवाज येतोय का पाहा. आपणही बसा. दाखले आपणच काढता.'

"शेवटचं वाक्य काढू का?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

त्याने मान वाकडी करून वाचलं. "ठेव. तेवढंच एक खरं बोललीयस."

"बाकीचं खोटं आहे?"

"बाकीच्या सूचना आहेत."

सात चाळीसला मेसेज गेला. आठ वाजून पाच मिनिटांनी पहिलं उत्तर आलं: 'चिठ्ठी ठेवली.' त्यानंतर अशी एकवीस उत्तरं आली. एकीने मस्टरवरच्या चिठ्ठीचा फोटो पाठवला. अक्षर वळणदार होतं, खाली दोन रेघा मारल्या होत्या.

दुपारी ऑफिसात ताई साहेबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. सव्वातीनला हजर होते एकोणीस. तीन अठराला चौतीस झाले आणि तिथे आकडा अडला. ताईंनी पाण्याची बाटली उघडली आणि न पिताच बंद केली. तीन तेवीसला सत्तेचाळीस. शेवटी एकसष्ट.

हजेरीच्या यादीत बऱ्याच जणांचं नाव 'ऑफिस' असं दिसत होतं. एका स्क्रीनसमोर दोघी, एक बघणारी आणि एक विचारणारी. प्रश्न बहुतेक दुसरीचे होते: जुन्या रजिस्टरमधली नावं पुन्हा टाइप करायची का? दुसरी प्रत दिली तर तशी नोंद राहते का? शिपाईमामांना छापता येईल का?

"पुढच्या महिन्याची तारीख टाका," साहेब उठताना म्हणाले. एवढंच. त्यांच्या हिशेबात ही शाबासकी होती.

संध्याकाळी नवऱ्याने दारातच विचारलं, "पास?"

"फर्स्ट क्लास."

"एकसष्ट टक्के?"

"एकसष्ट माणसं. टक्के काढलेस तर पन्नासही नाहीत."

"मग पेढे अर्धेच," असं म्हणून त्याने चहाचं आधण ठेवलं.

जेवणाआधी ताईंनी लॅपटॉप पुन्हा उघडला. न आलेल्या त्रेसष्ट जणांना रेकॉर्डिंगची लिंक जायची होती. साहेबांच्या जुन्या मसुद्यातली 'आदरणीय मुख्याध्यापक' ही ओळ त्यांनी काढली, वर 'कार्यालयातील सहकारी' लिहिलं आणि वेळ लावली. मेसेज उद्या सकाळी सात चाळीसला जाईल.