मला पदवीधर केलं तेव्हा

"आजी, ही एफडी नाही. विम्याची पॉलिसी आहे. आता मोडता येत नाही. उलट दरवर्षी एवढेच तीन लाख भरायचे, दहा वर्षं."

काउंटरवरच्या बाईंनी असं सांगितलं तेव्हा माझे मालक दवाखान्यात होते. पंधरा दिवसांत बायपास करा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. त्यांना अंबडच्या कारखान्यात जन्मभर घासून मिळालेल्या फंडातले हे तीन लाख होते. दुसरे पैसे नव्हते.

चूक माझीच. शाखेतला विम्याचा पोरगा मला आई म्हणायचा, चहा पाजायचा. "एफडीच आहे आई, व्याज जास्त. फोन येईल, सगळ्याला हो म्हणा." फोन आला. बाई भरभर बोलली, मी हो हो म्हणाले. मग टपालानं जाड पाकीट आलं, ते न फोडताच पेटीत ठेवलं. बँकेचा कागद फाटला तर पैसे अडकतील, ही माझी अक्कल.

बँकेत येताना ते तसंच बंद आणलं होतं. काउंटरच्या बाईंनी ते फोडलं आणि हळूच विचारलं, "हे घरी कधी आलं?"

"चंपाषष्ठीला. त्या दिवशी चार महिन्यांनी वांगी खाल्ली."

त्यांनी कॅलेंडर पाहिलं. "अठ्ठावीस दिवस झाले. तीस दिवसांत लेखी अर्ज दिला तर पॉलिसी रद्द होते. आजच द्या."

पोरगा धावत आला. "आई, साहेब रजेवर आहेत. सोमवारी या ना."

"सोमवारी तीस दिवस उलटतात. मला चौथीपर्यंतचं गणित येतं."

"आई, माझं टार्गेट जाईल हो."

"आई म्हणू नकोस. माझा असतास तर कानाखाली आवाज काढला असता."

मग मी पाकिटातला, त्यानं भरलेला फॉर्म वाचायला घेतला. बोट ठेवून, एकेक अक्षर, मोठ्यानं. विमा माझ्या मुलाच्या जिवावर काढलेला. माझं शिक्षण: पदवीधर. धंदा: द्राक्ष बागायत. उत्पन्न: वर्षाला बारा लाख. रांगेतले लोक हसायला लागले.

"अहो आजी, बाग कुठं आहे तुमची?" एकानं विचारलं.

"यालाच विचारा. यानंच लावली."

पोरगा म्हणाला, "सगळेच असं भरतात, त्याशिवाय पॉलिसी पास होत नाही."

"मग करू नये पास. मला कळत नाही हे तुला कळत होतं. म्हणून तर माझ्याकडे आलास."

अर्ज मी माझ्या हातानं लिहिला. वेडीवाकडी अक्षरं, पण माझी. पोच हवी म्हटलं. शिक्का नाही म्हणाला. मी खुर्ची ओढून दारातच बसले. चारला शिक्का सापडला, तारखेसकट.

नवव्या दिवशी पैसे खात्यात आले. मुद्रांकाचे आणि महिनाभराच्या विम्याचे थोडे कापून. त्या पोराची बदली झाली म्हणतात, की बढती, मला ठाऊक नाही. त्याची कीव मला तेव्हाही आली नाही, आजही येत नाही.

ऑपरेशन झालं. मालक जगले.