मागच्या भिंतीखालचा बीम

माझ्या भाचीला सासरहून परत यावं लागलं त्या वर्षीच्या उन्हाळ्यात धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, वर एक खोली काढाची आहे. पोरीले अन् तिच्या लेकराले. तू येऊन फक्त पाह्य अन् नकाशावर सही कर."

मी यवतमाळला इमारतींची डिझाइनं करते. घाटंजीचं आमचं घर वडिलांनी बांधलं तेव्हा मी अजून शिकत होते. खाली तीन खोल्या आणि ओसरी. काळी माती म्हणून त्यांनी भिंतींखाली सिमेंटचा सलग बीम घातला होता. वरच्या खोलीचा भार घ्यायला मागच्या भिंतीच्या बरोबर मध्यावर एक नवा कॉलम बसवावा लागणार होता. म्हणजे पंधराएक टन एकाच जागी त्या बीमवर येणार. असा भार त्या बीमने कधीच घेतला नव्हता.

मागच्या अंगणात खड्डा घेतला. मेमधली माती इतकी कडक होती की खोदताना लोखंडी सब्बल वाजत होती. भाऊ म्हणाला, "पाह्य, दगड हाय दगड." मी मातीचा नमुना घेतला आणि बीमची कड उघडी करून सळ्या पाहिल्या. खाली बारा मिलीमीटरच्या तीन. एवढ्याच.

गणित करायला असा बीम आपण स्प्रिंगांवर ठेवलेला मानतो. फुटाफुटावर एक स्प्रिंग. भाराखालची स्प्रिंग सगळ्यात जास्त दबते, शेजारच्या कमी कमी. जी जितकी दबेल तितकी ती बीमला वर ढकलते. या स्प्रिंगा म्हणजेच माती. नमुना कोरडा आणि भिजवून असा दोनदा तपासला, त्यावरून मी स्प्रिंगांना दोन ताकदी दिल्या, एक उन्हाळ्याची आणि एक पावसाळ्याची. पावसाळ्यातली उन्हाळ्याच्या पावपटीपेक्षा थोडीच जास्त आली.

उन्हाळ्यात बीम अडीच मिलीमीटर दबत होता. पावसाळ्यात साडेसहा. गंमत अशी की पावसाळ्यात कॉलमखालच्या मातीवरचा दाब उलट कमी येत होता, कारण माती मऊ झाली की भार बीमभर लांबवर पसरतो. पण तो पसरवण्यासाठी बीमला जास्त वाकावं लागतं. ते वाकणं त्या तीन सळ्यांना झेपणारं नव्हतं. आकडे मी तीनदा तपासले. चूक सापडावी असं मनापासून वाटत होतं.

घाटंजीला जाऊन सांगितलं. भावाला स्प्रिंगांचं काही पटेना. मग मी पलंगावरच्या फोमच्या गादीवर भाचीच्या लेकराची स्टीलची पट्टी आडवी ठेवली आणि भाचीला म्हटलं, मधोमध बोट दाब. तिने दाबलं. बोटाखाली पट्टी खोल गेली आणि दोन्ही टोकं गादीवरून किंचित उचलली गेली.

"टोकं वर काहून गेली, आत्या?"

"गादी पट्टीले वर ढकलू शकते, खाली धरून ठेऊ शकत नाही. मातीचंही तसंच. आपल्या बीमची टोकं भिंतीच्या वजनानं दबून राहतीन, त्याची काळजी नाही. तुह्या बोटाखालचा वाक पाह्य. त्याची काळजी आहे."

ती पट्टीकडे बघत राहिली. "म्हणजे उन्हाळ्यात चालते, पावसाळ्यात नाही?"

"हो."

"मंग राहू द्या," ती म्हणाली. मला तिचा आवाज आवडला नाही. सासरच्या लोकांनाही तिने असंच म्हटलं असेल.

मी दुसरे मार्ग सांगितले. कॉलमखाली पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे काँक्रीटचे खांब घ्यायचे, तर गल्लीतून मशीन येत नव्हतं, आणि हाताने खोदायचं तर शेजारच्यांची भिंत अगदी लागून होती. वर लोखंडी पाइप आणि टिनाची हलकी खोली केली असती तर भार चौथाईवर आला असता आणि बीमने तो सहज घेतला असता. भाऊ म्हणाला, "टिनात? इथच्या उन्हात? लेकरू भाजन तिचं." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. एप्रिलमध्ये आमच्याकडे टिनाखाली दुपारी बसवत नाही.

"मले सही नाही करता येत," मी म्हटलं.

"सगळ्या गावाच्या घरावर करतं, अन् भावाच्या घरावर येत नाही."

पुढचे कित्येक महिने आमचं बोलणं झालं नाही. नंतरच्या एप्रिलमध्ये त्याने दुसऱ्या कोणाकडून नकाशा करून घेतला आणि खोली बांधली. मला भाचीकडून कळलं. खोली छान झाली होती, तिने फोटो पाठवले. पूर्वेला खिडकी, भिंतीला फिका निळा रंग. मी रंगाबद्दल चांगलं लिहिलं. बाकी काय लिहिणार? मे-जूनमध्ये काही झालं नाही. मलाही वाटू लागलं की मातीबद्दल मी जरा जास्तच घाबरले.

श्रावणात भाचीचा फोन आला. मागचं दार लागत नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी एसटीने गेले.

कॉलमच्या दोन्ही बाजूंनी भिंतीत तिरप्या भेगा गेल्या होत्या. मी पाणी भरलेली पारदर्शक नळी लावून पातळी पाहिली. भिंत कॉलमपाशी खाली गेली होती, माझ्या आकड्याच्या तिपटीहून जास्त. खड्डा पुन्हा उघडला तेव्हा कारण दिसलं. बीमला तळाकडून तडे गेले होते. ताठ होता तोवर बीम भार लांबवर वाटत होता. तडकल्यावर त्याचा ताठपणा गेला आणि भार पुन्हा कॉलमखालच्या थोड्याशा मातीवर येऊन पडला. ती माती तर लोण्यासारखी झालेली. माझ्या गणितातल्या स्प्रिंगा कितीही दाबल्या तरी ढकलत राहतात. ही माती बाजूला सरकली होती.

भाऊ माझ्या मागे उभा होता. "बरं वाटून राह्यलं असन तुले."

खड्ड्यात पाणी भरत होतं, आणि खरं सांगायचं तर मला रडू येत होतं. मी एवढंच म्हटलं, "वरची खोली आजच रिकामी करा. खाली मागच्या खोलीत कोणी झोपू नका."

कॉलमच्या बाजूला लोखंडी टेकू लावले. पाऊस ओसरल्यावर मिस्त्री आणून खोली वरून उतरवली, आधी स्लॅब, मग विटा. निळ्या रंगाचे तुकडे अंगणात पडत होते आणि लेकरू ते वेचत होतं. भार पूर्ण निघाल्यावर मी पुन्हा नळी लावली. थोडं तरी वर येईल अशी आशा होती. पाण्याची रेघ जिथल्या तिथे राहिली.

मागची खोली बंद करावी लागली. उरलेल्या दोन खोल्यांत भाऊ, वहिनी, भाची आणि लेकरू. हिवाळ्यात भाचीने नागपूरला एका कपड्याच्या दुकानात नोकरी धरली आणि एक खोली भाड्याने घेतली. भावाने तिला थांब म्हटलं नाही. थांबून राहायचं कुठे, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

त्या दोघांना सोडायला मी घाटंजीला आले होते. भावाने पिशव्या एसटीत चढवल्या, लेकराच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला आणि खिडकीखाली उभा राहिला. भाची त्याच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली, "आत्या, तिथं माही खोली तिसऱ्या मजल्यावर आहे."

बस गेल्यावर आम्ही दोघं घराकडे चालत निघालो. आठवडी बाजार भरला होता. भावाने भाजी घेतली नाही. घरी पोचल्यावर तो ओसरीवर बसला आणि म्हणाला, "टिनाची केली असती तं?"

"राहिली असती," मी म्हटलं.

तो उठून आत गेला. वहिनीने चहा आणला तेव्हा त्याचा कप तसाच राहिला, आणि माझाही.