सदरच्या शाखेची कार्डं

महाल भागातल्या आमच्या साडीच्या दुकानाची सदर भागात शाखा निघाली, तेव्हा माझी पत्नी जाऊन महिना झाला होता. जुन्या गिऱ्हाइकांना पोस्टकार्डं मी लिहिली. नवा पत्ता, वेळ सकाळी दहा ते रात्री आठ, आणि पहिला आठवडा कार्ड दाखवणाऱ्याला साडीवर ब्लाउजपीस मोफत.

मोठे भाऊ हळूच म्हणाले, "कोपऱ्याले कुंकू लाव गा. नाहीतर लोक मयतीचं कार्ड समजून दुकानात रडाले येतीन."

घरात कुंकू तिच्याच करंड्यात होतं. त्यात तिच्या बोटाचा खळगा तसाच होता. तो राहावा म्हणून मी कडेकडेनं घेत गेलो. कार्डं संपायच्या आत कड ढासळली आणि खळगा बुजला.

उद्घाटनाला गिऱ्हाइकं कार्डं घेऊन आली. प्रत्येक कोपऱ्यावर माझंच बोट होतं.